कष, छेद आणि ताप

माझ्या वडिलांची सराफीची लहानशी पेढी होती. गल्ल्याशेजारी मखमलीच्या तुकड्यावर कसोटीचा काळा दगड ठेवलेला असे. कोणी दागिना मोडायला आणला, की वडील त्याची एक रेघ दगडावर ओढत, शेजारी ठाऊक असलेल्या कसाच्या सोन्याची दुसरी रेघ ओढत आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब टाकून पाहत. एवढ्यावर मात्र ते भाव सांगत नसत. दगडाला फक्त वरचा थर कळतो, मुलाम्याखाली तांबे असले तरी रेघ पिवळीच उमटते, असे ते म्हणत. म्हणून आडबाजूला कानशीने बारीकसा छेद घेत, आणि तरीही शंका उरली तर गिऱ्हाइकाची परवानगी घेऊन तुकडा मुशीत तापवत. आचार्य हरिभद्रसूरींनी धर्म कसा पारखावा हे सांगताना सोन्याच्या याच तीन परीक्षा सांगितल्या आहेत : कष, छेद आणि ताप. लहानपणी प्रवचनात हे ऐकताना ते पेढीचेच वर्णन वाटे. उतारवयात कथास्पर्धेचा परीक्षक झाल्यावर हे तीन शब्द मला पुन्हा आठवले. एक चूक करून बसल्यानंतर आठवले, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आमच्या गावातील एक संस्था दरवर्षी दिवाळीपूर्वी कथा-कविता स्पर्धा घेते. पूर्वी चाळीस-पन्नास कथा येत. त्या वर्षी एकशे ऐंशी आल्या. आनंद झाला, पण वाचायला बसल्यावर तो ओसरला. अनेक कथांचे शरीर एकच होते. एका कथेच्या शेवटी तर ‘आपल्या सूचनेनुसार कथा अधिक भावनिक केली आहे, आणखी बदल हवे असल्यास सांगा’ हे वाक्यही तसेच राहिले होते. संगणकाला सांगून लिहवून घेतलेली कथा न वाचताच पाठवली होती. अशी कथा बाजूला ठेवायला परीक्षक लागत नाही. पण बाकीच्यांचे काय?

समितीतील एका तरुण सदस्याने मजकूर तपासणारे एक साधन सुचवले. त्यात कथा टाकायची आणि ती यंत्राने लिहिली असण्याची शक्यता टक्क्यांत वाचायची. आम्ही अंतिम फेरीतील कथा त्यात टाकल्या. ‘शेवटचे वजन’ नावाच्या कथेपुढे ब्याण्णव टक्के उमटले. कथा नीटनेटकी होती, भाषा शुद्ध व काहीशी जुन्या वळणाची, वाक्ये एकसारख्या लांबीची. आकडा पाहिल्यावर ती नीटनेटकी भाषाच आम्हाला पुरावा वाटू लागली. लेखिकेला ‘कथा नियमबाह्य आढळली’ असे दोन ओळींचे पत्र गेले. त्याखाली माझी सही होती.

निकालानंतर आठ दिवसांनी टपालाने एक जाड पाकीट आले. आत किराणा दुकानाचे एक जुने बिलबुक होते. बिलांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने ती कथा लिहिलेली होती, एकदा नव्हे, तीनदा. खोडलेले परिच्छेद, बदललेली नावे, एके ठिकाणी मध्येच तेलाच्या डब्यांचा हिशेब. सोबत चिठ्ठी होती : ‘बक्षीस नको. पण खोटेपणाचा ठपका माझ्या नावावर राहू नये.’

ती रात्र मी झोपलो नाही. दुसऱ्या दिवसापासून, आम्ही ज्या आकड्यावर विसंबलो तो येतो कुठून, हे समजून घ्यायला सुरुवात केली.

अशी बहुतेक साधने लेखक ओळखत नाहीत, शब्दांची अपेक्षितता मोजतात. एका शब्दानंतर पुढचा शब्द कोणता येईल, हे यंत्राला जितके सहज सांगता येईल तितका मजकूर यंत्राचा असण्याची शक्यता अधिक, असा त्यांचा ठोकताळा असतो. वाक्यांची लांबी फार बदलत नसेल, तर संशय आणखी वाढतो. आता पाहा, शाळेत शिकवलेली शुद्ध, मोजकी भाषा जो जपून लिहितो, त्याचा पुढचा शब्द अपेक्षितच असतो. म्हणजे कसोटीच्या दगडावर सरळ, सावध माणसाची रेघ मुलाम्यासारखी दिसते.

हा केवळ माझा तर्क नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये अशी सात साधने तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांनी या साधनांना दिले. सर्व निबंध माणसांचे होते. तरीही सरासरी निम्म्याहून अधिक, सुमारे 61 टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकन शाळकरी मुलांच्या निबंधांबाबत मात्र ही साधने जवळजवळ अचूक होती. ज्याचा शब्दसंग्रह मर्यादित आणि लिहिणे सावध, त्याच्यावरच आळ आला. इंग्रजीत ही गत, तर मराठीत काय होत असेल? मी 1998 साली एका मासिकात छापून आलेली माझी स्वतःची कथा आमच्या साधनात टाकून पाहिली. तेव्हा असे लिहिणारे यंत्रच नव्हते. पहिल्या दिवशी उत्तर आले चौदा टक्के. दोन परिच्छेद वगळून तीच कथा दुसऱ्या दिवशी टाकली, तर उत्तर आले एकाहत्तर.

व्यापारी घरातील वाचकांना हा हिशेब आकड्यांत मांडला तर अधिक पटेल. ज्या कंपनीने संभाषण करणारे यंत्र जगात लोकप्रिय केले, त्या ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये मजकूर ओळखण्याचे स्वतःचेच साधन काढले होते. त्याविषयी कंपनीनेच दिलेले आकडे असे होते : यंत्राने लिहिलेल्या शंभर मजकुरांपैकी 26 पकडले जातात आणि माणसांनी लिहिलेल्या शंभरांपैकी 9 चुकून यंत्राचे ठरतात. नऊ टक्के चूक ऐकायला लहान वाटते. आता आमच्या एकशे ऐंशी कथा घ्या आणि समजा, त्यातल्या वीस यंत्राच्या आहेत. वीसपैकी पकडल्या जातील सुमारे पाच. उरलेल्या एकशे साठ प्रामाणिक कथांपैकी चुकून अडकतील सुमारे चौदा. म्हणजे साधनाने ज्या एकोणीस कथांवर बोट ठेवले, त्यांतील चौदा निर्दोष, आणि पंधरा खोट्या कथा खुशाल पुढे गेल्या. प्रामाणिक लेखक संख्येने अधिक असतात, म्हणून लहान टक्क्याची चूकसुद्धा त्यांच्याच माथी अधिक बसते. असा तराजू कोणी दुकानात ठेवील काय? त्या कंपनीनेही अचूकता कमी असल्याचे सांगून हे साधन जुलै 2023 मध्ये मागे घेतले. नंतरची साधने सुधारली असतील. पण एकटा आकडा हातात आला, तर हाच हिशेब करून पाहावा लागतो.

मग जगातील संपादक काय करतात? अमेरिकेत ‘क्लार्क्सवर्ल्ड’ नावाचे विज्ञानकथांचे मासिक आहे. नील क्लार्क हे त्याचे संपादक. 2023 मध्ये ते प्रत्येक शब्दामागे बारा सेंट मानधन देत आणि कोणाचीही कथा वाचत. 2023 च्या फेब्रुवारीत, महिना संपण्याआधीच, त्यांच्याकडे सुमारे सातशे खऱ्या कथांबरोबर पाचशे यंत्रलिखित कथा आल्या. 20 फेब्रुवारीला त्यांना कथा स्वीकारणेच थांबवावे लागले. ते पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू झाले. या कथा चांगल्या होत्या म्हणून अडचण झाली नाही. त्या वाईटच होत्या. झटपट कमाईचे मार्ग शिकवणाऱ्यांच्या नादाने लोक त्या पाठवत होते. खरी अडचण ढिगाची होती. नवोदिताची खरी कथा त्या ढिगाखाली गाडली जात होती. क्लार्क यांनीही तपासणीची साधने भरवशाची नाहीत, असेच म्हटले. त्या सुमारास आणखी एक गोष्ट संपादकांच्या ध्यानात आली. वेगवेगळ्या पत्त्यांवरून येणाऱ्या कथांचे शीर्षक एकच असे : ‘द लास्ट होप’, म्हणजे शेवटची आशा.

हे वाचल्यावर मी आमचा जुना गठ्ठा पुन्हा काढला. या वेळी एकेक कथा सुटी न वाचता साऱ्या कथा शेजारी शेजारी ठेवल्या. कसोटीवर दोन रेघा शेजारी ओढतात, तसे. ‘आशेचा किरण’ या नावाच्या चार कथा निघाल्या. सहा कथांत वृद्ध आजोबा, जुनी पेटी आणि पेटीत न पाठवलेले पत्र. एकाच मुशीतून निघालेल्या या कथा एकेकट्या वाचताना लक्षात येत नाहीत, ढिगात लगेच दिसतात. मात्र यातही सावध राहावे लागते. आजोबांची पेटी माणसांच्या कथांतही असते. कल्पनेचे दारिद्र्य हा अपराध नव्हे. त्याला कमी गुण द्यावेत, ठपका ठेवू नये.

वाचणाऱ्याची नजर कितपत विश्वासू? याविषयी दोन अभ्यास मला एकत्र ठेवून पाहावेसे वाटतात. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोळाशेहून अधिक सामान्य वाचकांना शेक्सपिअर, एमिली डिकिन्सन यांच्यासारख्या कवींच्या कविता आणि त्यांच्या शैलीत यंत्राने रचलेल्या कविता मिसळून दिल्या. योग्य ओळख पटली ती सुमारे 47 टक्के वेळा. नाणे उडवले असते तरी याहून बरे झाले असते. शिवाय वाचकांना यंत्राच्याच कविता अधिक आवडल्या, कारण त्या पहिल्या वाचनात कळत होत्या. याउलट 2025 च्या एका अभ्यासात, लेखनाच्या कामात ही यंत्रे वारंवार वापरणाऱ्या पाच जणांना 300 इंग्रजी लेख दिले गेले. पाचांच्या बहुमताने दिलेला निर्णय फक्त एका लेखाबाबत चुकला. म्हणजे नजर तयार होऊ शकते, पण ती ‘मला साहित्य कळते’ या अभिमानाने होत नाही. यंत्राचा माल रोज हाताळल्याने होते. आणि एका डोळ्यापेक्षा पाच डोळे बरे. आमच्या समितीत यंत्र वापरलेला एकच जण होता आणि कथा प्रत्येकी एकानेच वाचली होती.

वरवरचा कस येथे संपतो. पुढे छेद घ्यावा लागतो. कथेतील एखादा तपशील कापून आत काय आहे ते पाहायचे. गठ्ठ्यातील एक कथा पर्युषणातील जैन घराची होती. भाषा ओघवती, आजीचे वर्णन लोभस. पण संवत्सरीच्या दिवशी, दिवेलागणीनंतर, ही आजी नातवाला गरमगरम कांदेपोहे वाढते! उपवास, रात्रिभोजनत्याग आणि कंदमूळ वर्ज्य, तीनही गोष्टी एका घासात मोडल्या. लिहिणाऱ्याने ते घर पाहिलेले नाही, हे उघड आहे. पण ते यंत्रच, असे म्हणता येत नाही. जैन घर न पाहिलेला एखादा माणूसही ही चूक करील. छेदाने माल हलका ठरतो, चोरीचा ठरत नाही.

उलट छेद ‘शेवटचे वजन’ या कथेला द्यायला हवा होता. नवऱ्याच्या मृत्यूनंतर दुकान बंद करणारी स्त्री शेवटच्या दिवशी सारी वजने पुसून ठेवते. त्यांतील दोनशे ग्रॅमच्या वजनातील शिसे निघून गेलेले असते. नवऱ्याने ते कधीच तागडीत घातले नाही, पण टाकलेही नाही. कागदात गुंडाळून गल्ल्यात ठेवले. लोखंडी वजनाच्या खळगीत शिसे ओतून वजन बरोबर करतात आणि त्याच शिशावर सरकारी शिक्का उमटवतात, हे दुकानदाराच्या घरात राहिलेल्यालाच आठवते. ते शिसे निघाले की वजन हलके होते आणि प्रत्येक मापात गिऱ्हाइकाचा माल थोडा थोडा कापला जातो. तपशील खरा होता, आणि कथेचा सारा अर्थ त्याच्यावरच उभा होता. आम्ही तो वाचला होता. पण डोळ्यांसमोर ब्याण्णव हा आकडा होता.

तरीही मला मान्य केले पाहिजे की तपशीलही उसना मिळतो. यंत्राला चार नेमक्या गोष्टी पुरवल्या तर ते त्या कथेत बसवते. म्हणून तिसरी परीक्षा, ताप. ती कथेची नसते, कथा आणि लेखक यांच्यातील नात्याची असते.

दुसऱ्या वर्षी आम्ही स्पर्धेची रीत बदलली. प्रथम नियम स्पष्ट केला. पूर्वीच्या पत्रकात यंत्राविषयी एक अक्षर नव्हते आणि तरी आम्ही ‘नियमबाह्य’ लिहून मोकळे झालो होतो. जपानमध्ये जानेवारी 2024 मध्ये अकुतागावा पुरस्कार मिळालेल्या रिए कुदान यांनी, आपल्या कादंबरीचा सुमारे पाच टक्के मजकूर यंत्राकडून जसाच्या तसा घेतला आहे, असे स्वतःच सांगितले आणि मोठी चर्चा झाली. त्या कादंबरीत यंत्राशी संवाद आहे. यंत्राची उत्तरे तिथून घेतली, असा त्यांचा खुलासा होता. नियम आधी सांगितलेला नसेल, तर अशा वेळी कोण चूक आणि कोण बरोबर हे ठरवायचे कशावर? आता आमच्या प्रवेशपत्रावर तीन घरे आहेत : यंत्र वापरले नाही, शुद्धलेखनासाठी किंवा बोलून टंकलेखन करण्यासाठी वापरले, कथा वा कवितेतील वाक्ये रचण्यासाठी वापरले. पहिली दोन स्वीकारतो, तिसरे नाही. दुसरे घर मुद्दाम ठेवले. आमच्याकडे थरथरत्या हाताचे अनेक ज्येष्ठ फोनवर बोलूनच लिहितात.

‘कथा हस्ताक्षरातच मागवा’ अशी एक सूचना आली होती. ती आम्ही सोडून दिली. यंत्राची कथा हाताने उतरवून काढायला एक दुपार पुरते.

नावे झाकून प्रत्येक कथा दोघे वाचतात. संशय आला तर कथा बाद होत नाही. तिच्यावर खूण करून ती तिसऱ्याकडे जाते. शेवटच्या दहांत आलेल्या प्रत्येकाकडून कच्चा खर्डा मागवतो आणि पंधरा मिनिटे बोलतो. हे फक्त संशयितांशी नव्हे, दहाही जणांशी, म्हणजे कोणाचा अपमान होत नाही. एकशे ऐंशी जणांशी बोलणे शक्य नाही, दहांशी आहे. खर्ड्याला आम्ही अंतिम पुरावा मानत नाही. संगणकातील फाइलच्या इतिहासात सारी कथा एका मिनिटात अवतरलेली दिसली, तरी ती फोनवर लिहून मग चिकटवलेली असू शकते. आणि खोटा खर्डाही तयार करता येतो. म्हणून भर बोलण्यावर. प्रश्न साधे असतात : काय काढून टाकलेत? हे पात्र आधी कसे होते? शेवट असाच का? ज्याने कथा लिहिली, त्याला न लिहिलेली कथाही ठाऊक असते.

पहिल्याच वर्षी एका तरुणाशी बोलताना मी विचारले, “तुमचा नायक दुकान विकायला नकार देतो, पण आधीच्या पानावर तो कर्जात बुडालेला आहे. मग तो देणे फेडणार कसे?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, खरे सांगू का? विषय माझा होता. बाकीचे यंत्राने लिहिले. कल्पना आपली, म्हणजे कथाही आपलीच, असे वाटले मला.” त्याने स्वतःच कथा मागे घेतली. मी त्याला चोर म्हटले नाही. न दिलेले घेणे हा दोष आपण लहानपणापासून ऐकतो. येथे कोणाचे घेतले, हा प्रश्न अवघडही आहे. पण दुसऱ्याने घडवलेल्या मालावर आपल्या पेढीचा शिक्का मारणे म्हणजे काय, हे त्या व्यापाऱ्याच्या मुलाला समजावून सांगावे लागले नाही.

या रीतीतूनही एखादा सराईत माणूस निसटेल. पंधरा मिनिटांत कोणाचे अंतःकरण दिसत नाही. निसटला तर बक्षिसाची थोडीशी रक्कम चुकीच्या हाती जाईल. उलट चूक झाली तर एका प्रामाणिक माणसाचे नाव जाईल. दोन्ही नुकसाने सारखी नाहीत. म्हणून शंका शेवटपर्यंत फिटली नाही, तर तिचा लाभ लेखकाला द्यायचा, असे आम्ही लिहूनच ठेवले आहे. दिसते ते एका बाजूने दिसते, हे मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या आम्हाला हे सुचायला एक वर्ष लागले, याचीच लाज वाटते.

त्या बाईंच्या घरी मी पुढच्या संवत्सरीला गेलो. बिलबुक परत करायचे होते. समितीने चूक कबूल करणारे पत्र दिले होते आणि ते संस्थेच्या फलकावरही लावले होते. मी हात जोडून म्हणालो, “काकू, मिच्छामि दुक्कडम्. आम्ही कथा वाचलीच नाही, आकडा वाचला.” त्यांनी हात जोडले, पाणी दिले. मग आत जाऊन कागदाची एक पुडी आणून माझ्या तळहातावर ठेवली. त्यात ते दोनशे ग्रॅमचे वजन होते, शिसे नसलेले.

“हातात धरून काही कळते का, भाऊ?” त्यांनी विचारले.

मला काहीच कळले नाही. ते पूर्ण भरल्यासारखेच वाटत होते.